उरलेले शंभर ज्यूल

कमळाकर निचिते सरांची शहापुरात ओळख होती ती एका प्रश्नावर. वर्गात ते चेंडू टेबलावर टाकत, तो उसळे, पण टाकला तितका काही वर येत नसे. मग सर चष्म्याच्या वरून पोरांकडे बघत आणि विचारत, "कमी पडलं ते गेलं कुठं?" ऊर्जा नाहीशी होत नाही, तिचा हिशेब लागलाच पाहिजे, हे त्यांनी तीस वर्षांत इतक्या पोरांच्या डोक्यात घातलं की बाजारात माप कमी भरलं तर त्यांचे जुने विद्यार्थी भाजीवाल्यालाही तोच प्रश्न करीत. घरी सकुबाई, म्हणजे त्यांची बायको, दूध उतू गेलं की सरांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकायची, "शेगडीवर गेलंय, विचारू नका."

असा माणूस फेब्रुवारी दोन हजार सातमध्ये निवृत्त झाला. कॉलेजात मोठा निरोप समारंभ झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. जुने विद्यार्थी आले, त्यात प्रणितही आला. प्रणित पुण्यात मोठ्या कारखान्यात इंजिनियर. सरांचा सगळ्यात मोठा विद्यार्थी, असं प्राचार्यांनी माइकवरून दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सरांनी मान खाली घातली, ती लोकांना नम्रतेची वाटली.

चहाच्या वेळी प्रणित हातात बशी घेऊन जवळ आला, पाया पडला आणि हसत म्हणाला, "सर, एक सांगू? त्या निवड परीक्षेतलं रेतीचं गणित आठवतं? माझं उत्तर चुकलेलं होतं. इंजिनियरिंगच्या पहिल्याच वर्षी कळलं. तुम्ही पाचापैकी पाच कसे दिलेत हो?"

त्याला ती गंमत वाटत होती. आजूबाजूचे दोघे-तिघे हसलेही. सरांनी बशीतलं बिस्किट चहात बुडवलं, ते मोडून तळाशी गेलं, आणि सर चमच्यानं ते शोधत राहिले. कॉलेजचा शिपाई देवराम कपबश्या गोळा करायला आला तेव्हा त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या गावच्या काळूराम फर्डेची अनिता हल्ली कुठं असते?"

देवराम म्हणाला, "अनिता ना? मुरबाडकडं दिलीय. थितं रेतीच्या प्लँटवर सुपरवायझर हाय. दगडाची रेती करतात ना, त्या. का वो सर?"

"काही नाही," सर म्हणाले. काही नाही असं नव्हतंच. बारा वर्षं त्यांच्या कपाटात, जुन्या कॅलेंडरांच्या खाली, अनिताची एक उत्तरपत्रिका पडून होती. ती तिच्या हातात देऊन 'तू बरोबर होतीस' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बारा वर्षांत हे वाक्य त्यांना अनेकदा पाठ झालं होतं आणि प्रत्येक वेळी कपाट बंद झालं होतं.

गोष्ट पंच्याण्णवच्या मार्चमधली. ठाण्यातल्या एका ट्रस्टनं असं ठरवलं होतं की शहापूर आणि मुरबाड मिळून अकरावी सायन्सचं एक मूल दरवर्षी निवडायचं, ठाण्यात वसतिगृहात ठेवायचं, बारावीची आणि इंजिनियरिंगची तयारी करून घ्यायची. एकच जागा. परीक्षा फिजिक्सच्या एकाच पेपरची, आणि तो काढायचा आणि तपासायचा मान निचिते सरांकडे होता, कारण त्यांचा पेपर बिनचूक असतो असा बोलबाला होता. हा बोलबाला करणाऱ्यांत सर स्वतः थोडे मागे होते, फार मागे नव्हते.

शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतः बनवला आणि त्याच्यावर फार खूश झाले. एक आडवा पट्टा सेकंदाला दोन मीटर या वेगानं चाललाय. त्याच्यावर दर सेकंदाला पन्नास किलो रेती सरळ वरून पडते. पट्ट्याचा वेग तोच राहावा म्हणून किती जादा बल लावावं लागेल? पाच मार्क.

सरांचं उत्तर आधीपासून तयार होतं. पडणाऱ्या रेतीला आडवा वेग नसतो. दर सेकंदाला पन्नास किलोला दोनाचा वेग मिळतो, म्हणजे गतिज ऊर्जा अर्धा गुणिले पन्नास गुणिले दोनाचा वर्ग, शंभर ज्यूल. सेकंदात पट्टा दोन मीटर सरकतो. शंभर भागिले दोन, पन्नास न्यूटन. ऊर्जेचा हिशेब चोख, एक ज्यूल इकडचा तिकडं नाही. या सगळ्यात त्यांचं आवडतं तत्त्व इतकं सुबक बसत होतं, की दुसऱ्या वाटेनं उत्तर पडताळून बघावं हे त्यांच्या मनातच आलं नाही. आयुष्यभर इतरांना 'गेलं कुठं' विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या गणितात काही जात असेल अशी शंका यायचं कारण नव्हतं.

प्रणितनं हुबेहूब तसंच सोडवलं होतं. तो सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा आणि सर जसा विचार करतात तसाच करायचा. किन्हवलीकडच्या अनिता फर्डेनं मात्र ऊर्जेला हातच लावला नव्हता. तिनं लिहिलं होतं की दर सेकंदाला रेतीचा संवेग पन्नास गुणिले दोन, म्हणजे शंभरानं वाढतो, आणि संवेग ज्या दरानं बदलतो तेच बल. म्हणून शंभर न्यूटन. दोन ओळी. आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ, मराठीत, कारण सायन्स इंग्रजीतून असलं तरी एवढं सांगायला पुरेल इतकं इंग्रजी तिच्याजवळ नव्हतं: 'उरलेले शंभर ज्यूल रेती घसरते त्यात जातात, त्यानेच पट्टा झिजतो.'

सरांनी ती ओळ वाचली आणि त्यांना थोडं हसू आलं. फिजिक्सच्या पेपरात पट्ट्याची झीज. त्यांनी लाल पेनानं समासात लिहिलं, 'घर्षण दिलेले नाही,' आणि शून्य दिलं.

पेपर परत दिल्यावर ती स्टाफरूमच्या दारात आली. काळी सडपातळ पोर, वेण्या करकचून बांधलेल्या, पायात चपलेचा एक पट्टा दुसऱ्या रंगाचा. आत येऊ का विचारायची तिला सवय नव्हती, दारातच उभी राहून समोरचा माणूस वर बघेपर्यंत थांबायची.

सरांनी तिला समजुतीनं सांगितलं. तुझ्या उत्तरानं मोटर दर सेकंदाला शंभर न्यूटन गुणिले दोन मीटर, दोनशे ज्यूल खर्च करते. रेतीला मिळाले शंभर. बाकीचे गेले कुठं? घर्षण तर गणितात मी दिलेलंच नाही.

"पण सर, नाय दिलं तरी असतंच ना," ती म्हणाली. "नायतर रेती पट्ट्याबरोबर जाईल कशी? ती जाग्यावरच रायल, पट्टा खालून निघून जाईल."

सर म्हणाले, गणितात रेती पडते आणि लगेच पट्ट्याबरोबर चालायला लागते असं धरायचं.

"लगेच नाय चालत सर. आमचा बाबा खडीमशीनवर हाय, मी रोज भाकर घेऊन जाते. दगडाची बारीक कच पडते ना पट्ट्यावर, ती पहिली मागं घसरते. पट्टा पुढं, ती मागं. मग जरा टायमानं त्याच्यासंगती जाते. बाबा सांगतो, पट्टा ओझ्यानं नाय झिजत, पडलेला माल पकडताना झिजतो."

स्टाफरूममधले दोघे प्राध्यापक हसले. वाईट हेतूनं हसले नाहीत, भाकर आणि कच हे शब्द त्या खोलीत सहसा येत नसत म्हणून हसले. पण ते हसले म्हणून सरांना बळ आलं, असं नंतर त्यांना स्वतःविषयी कळलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "अनिता, खडीमशीन वेगळं आणि फिजिक्स वेगळं."

ती गेली. जाताना तिनं उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली, कारण त्या ट्रस्टकडे पाठवायच्या होत्या. प्रणितला एक्याऐंशी पडले, तिला अठ्ठ्याहत्तर. मधे तीन मार्कांचं अंतर आणि प्रश्न पाच मार्कांचा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ट्रस्टच्या लोकांसमोर प्रणितचं नाव वाचून दाखवलं गेलं, टाळ्या झाल्या, आणि प्रणितच्या वडिलांनी स्टाफरूममध्ये पेढ्यांचा दोन किलोचा पुडा आणून ठेवला.

त्यानंतर आठच दिवसांनी सर मुरबाडला लग्नाला निघाले होते. एसटी सरळगावच्या बाजारात अडकली. पुढं एक टेम्पो माणसाच्या चालीनं चालला होता, हौद्याची मागची फळी उघडी, आणि खाली उभे असलेले दोघे काकडीच्या गोण्या बाजूनं त्यात टाकत होते. ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता आणि हे दोघे टाकायचे थांबत नव्हते. गोणी हौद्याच्या पत्र्यावर पडे आणि फुटभर मागं घसरे. टेम्पो पुढं जाई, गोणी मागं राही, मग पत्रा तिला धरी आणि ती टेम्पोबरोबर जायला लागे. एक पडली, घसरली. दुसरी पडली, घसरली. तिसरीच्या वेळी सर सीटवरून पुढं वाकले.

बाजूच्या सीटवर सकुबाई नव्या पातळाची घडी सांभाळत बसली होती. सरांनी खिशातली लग्नपत्रिका काढली आणि तिच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. गोणीला टेम्पोचा वेग गाठायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात तिचा वेग शून्यापासून वाढत जातो, म्हणजे सरासरी निम्मा. टेम्पो मात्र पूर्ण वेगानं पुढं. गोणी हातभर सरकेस्तोवर टेम्पो दोन हात जातो. बल दोघांमधलं एकच, पण टेम्पोनं ते दुप्पट अंतरावर लावलं. म्हणून काम दुप्पट. निम्मं गोणीच्या वेगात गेलं, निम्मं पत्रा आणि गोणी एकमेकांवर घासण्यात. पत्रा खरखरीत असो नाहीतर गुळगुळीत, गोणी जास्त घसरो की कमी, निम्मं ते निम्मंच. घर्षण किती ते गणितात द्यायची गरजच नव्हती. शंभर न्यूटन. पोरीनं 'उरलेले शंभर ज्यूल' लिहिलं होतं, नेमका आकडा घालून, आणि ते कुठं गेले तेही लिहिलं होतं. इतकी वर्षं सर ज्या उत्तराची वाट बघत प्रश्न विचारत होते, ते उत्तर एका मुलीनं दिलं आणि सरांनी त्याला शून्य दिलं.

"काय झालं? उलटी होतेय का?" सकुबाईनं विचारलं. सरांनी मान हलवली. लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या त्या नवरा-नवरीवर न पडता भटजींवर पडल्या.

आता खरी गोष्ट अशी की तेव्हा वेळ गेलेली नव्हती. वसतिगृह जूनमध्ये सुरू होणार होतं. एक पत्र पुरलं असतं. सरांनी ते लिहिलंही. 'माझ्याकडून तपासण्यात चूक झाली असून' इथपर्यंत अक्षर ठाशीव होतं, पुढं बारीक होत गेलं. पत्र खिशात घालून ते दोनदा पोस्टापर्यंत गेले. पहिल्यांदा वाटेत प्रणितचे वडील भेटले, पोरासाठी नवी ट्रंक घेऊन चालले होते, आणि रस्त्यातच सरांच्या पाया पडले. दुसऱ्यांदा प्राचार्य भेटले आणि म्हणाले की ट्रस्टवाले आपल्या पेपरवर फार खूश आहेत, पुढच्या वर्षीही तुम्हीच. सरांनी स्वतःला समजावलं की आता नाव जाहीर झालं, एका मुलाच्या तोंडातला घास काढायचा का, अनिता हुशार आहे, ती कुठंही वर येईल. हुशार माणसं कुठंही वर येतात, हे वाक्य ज्याला दुसऱ्याला वर ओढायचं नसतं त्याला फार सोयीचं पडतं. मे संपला. उत्तरपत्रिका ट्रस्टकडून परत आल्या तेव्हा सरांनी तिची तेवढी बाजूला काढली आणि घरी नेली.

निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर मुरबाडच्या एसटीत बसले. सकुबाईनं कुठं चाललात विचारलं तर म्हणाले, एक पेपर परत करायचाय. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला भ्रम झाला की काय, अशा नजरेनं तिनं पाहिलं, पण डबा बांधून दिला.

प्लँट मुरबाडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. झाडांच्या पानांवर पांढुरकी धूळ, लांबूनच घरघर ऐकू येई. दगड एका बाजूनं आत जात होता, भरडला जात होता, जाळीतून चाळून खाली रेती होऊन पट्ट्यावर पडत होती, आणि पट्टा ती वर नेऊन ढिगावर टाकत होता. सर आयुष्यात पहिल्यांदा असा पट्टा जवळून बघत होते. बारा वर्षं ज्याचं ओझं वाहिलं, ती वस्तू बघायला ते कधी आले नव्हते.

अनिता ढिगाजवळ उभी राहून एका मिस्त्रीला काही सांगत होती. अंगावर साडी, वरून पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. तिनं लांबूनच ओळखलं. पदराला हात पुसत आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, तुमी हितं? धुळीत कशाला आलात, निरोप धाडायचा. देवराममामाचा फोन आलता, सर विचारत होते म्हणून."

एकची सुट्टी व्हायची होती. तोवर तिनं त्यांना प्लँट दाखवला, जसा सासरी आलेल्या माहेरच्या माणसाला गोठा दाखवावा तसा. मोटर कुठली, रोलर किती, कुठला कधी बदलला. जाळीखाली, जिथं रेती पट्ट्यावर पडत होती, तिथं ती थांबली. बाजूला जाळीचं कुंपण होतं, त्याच्या आत हात घालायचा नाही असं तिनं सरांना लहान पोराला सांगावं तसं बजावलं.

रेती सरळ पडत नव्हती. जाळीच्या खाली पत्र्याची तिरकी पन्हळ बसवली होती, रेती तिच्यावरून घरंगळत येई आणि पट्टा ज्या बाजूला चालला होता त्याच बाजूला पळत पट्ट्यावर उतरे.

"ही मी लावून घेतली," ती म्हणाली. "आधी माल सरळ खाली पडायचा. सहा महिन्यांत पट्टा मधोमध साफ झिजायचा. मालक बोलला, जाड पट्टा आणू. मी बोलले, पट्टा नको, माल पळत आणा. तो निम्म्या वेगानं आला तरी पट्ट्याला त्याला बाकीचा निम्माच वेग द्यायचा राहतो. घसरणं तर चौथाई होतं. दीड वर्ष झालं, तोच पट्टा हाय."

सरांनी मनातल्या मनात हिशेब केला. घसरण्यात जाणारी ऊर्जा वेगातल्या फरकाच्या वर्गावर. फरक निम्मा, तर चौथाई. बरोबर होतं. तिचं बरोबर निघणं आता त्यांना नवं राहिलं नव्हतं.

"तसं खरं सांगू का सर," ती पुढं म्हणाली, "तुमच्या गणितातलं ते जादा बल हितं मोटरला कळत पण नाय. मोटरचा जीव जातो माल वर चढवण्यात नि रोलर फिरवण्यात. ते शंभर न्यूटन पट्ट्याला कळतात."

म्हणजे तिला आठवत होतं. सरांना आता वाक्य सुरू करणं भाग होतं.

भोंगा झाला, जाळी थांबली, पट्टा रिकामा होईपर्यंत चालला आणि मग तोही थांबला. एवढी घरघर एकदम बंद झाल्यावर जी शांतता पडते तिच्यात माणसाचा आवाज उघडा पडतो. ट्रक तोलायच्या काट्याच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. अनितानं आपला डबा उघडला, नाचणीची भाकरी अर्धी मोडून झाकणावर ठेवून सरांपुढं सरकवली. सरांनी पिशवीतून उत्तरपत्रिका काढली आणि भाकरीच्या शेजारी ठेवली. कागद कडांना पिवळा पडला होता, लाल शाई मात्र तशीच होती.

"अनिता, तू बरोबर होतीस. मी चुकलो होतो," सर म्हणाले. आणि ते वाक्य संपल्यावर त्यांना कळलं की ते पुरेसं नाही, म्हणून जे पाठ केलेलं नव्हतं तेही म्हणाले. "मला ते तेव्हाच कळलं होतं. एप्रिलमध्येच. प्रणित जायच्या आधी."

ती कागदाकडं बघत राहिली. शेवटच्या मराठी ओळीवरून तिनं बोट फिरवलं, धूळ झटकावी तसं.

"मला माहीत हाय सर."

"काय माहीत आहे?"

"तुमाला कळलं होतं ते. बारावीला मी वर्षभर तिसऱ्या बाकावर बसले. दरवर्षी तुमी निवड परीक्षेचा पेपर बारावीला सोडवून दाखवता ना, फळ्यावर. आमाला पण दाखवलात. सगळी गणितं घेतलीत, नि ते शेवटचं सोडलंत. बोललात, टाइम झाला." तिनं कागदावरचं बोट उचललं. "तास संपायला दहा मिनिटं होती. मी घड्याळ बघितलं. तुमाला ते बरोबर वाटत असतं, तर तुमी घेतलं असतंत. तुमचं आवडतं होतं."

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला.

"जागा गेली त्याचं मी सोडून दिलं होतं," अनिता म्हणाली. "प्रणित पण हुशारच होता. बाबा बोलला, तीन मार्क म्हंजे काय, नशीब. पण मी रोज यायचे नि वाटायचं, आज सर ते गणित काढतील. एकदा फळ्यावर शंभर लिहितील. नाव नका घेऊ, काय नका बोलू, फकस्त शंभर लिवा. फेब्रुवारीपर्यंत वाट बघितली. मग परीक्षा आली."

बारावीत तिला इंजिनियरिंगपुरते मार्क पडले नव्हते, हे सरांना ठाऊक होतं. तिसऱ्या बाकावर बसून दुसऱ्याच गणिताची वाट बघणाऱ्या मुलीला बाकीची गणितं किती ऐकू गेली असतील, हे मात्र त्यांना आज समजलं. त्यांनी अडखळत विचारलं की तिचं कसं चाललंय, बरं चाललंय ना. आपण हे उत्तराकरता विचारत नसून सुटकेकरता विचारतोय, हे त्यांना विचारताविचारताच कळलं.

तिलाही ते कळलं असावं. "बरं हाय," ती म्हणाली. "नवरा चांगला हाय. पोरगी चौथीत... नाय, तिसरीत. हितं सगळे माझं ऐकतात. वाईट काय झालं नाय सर. पण ते दुसरं कसं असतं, ते बघायचं रायलं, ते रायलं."

ती सुटका नव्हती, आणि सरांनी ती पुन्हा मागितली नाही.

अनितानं डबा मिटला, हात धुतले, पुसले, आणि उत्तरपत्रिका सरांच्या पुढं सरळ करून ठेवली. "तुमच्याकडं लाल पेन असंलच," ती म्हणाली.

होतंच. निवृत्त होऊन एक दिवस झाला होता, खिशातलं पेन काढून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. सरांनी समासातलं 'घर्षण दिलेले नाही' एका रेघेनं खोडलं. शून्यावर काट मारली आणि पाच लिहिले. पाचाचं पोट जरा मोठं झालं.

"पहिल्या पानावर बेरीज पण करा."

त्यांनी अठ्ठ्याहत्तर खोडून त्र्याऐंशी केले आणि खाली सही केली. मग थबकले. अशा दुरुस्तीखाली तारीख घालायची असते, हे नियमानं वागणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. पण कुठली घालावी ते त्यांना कळेना.

"आजचीच घाला," अनिता म्हणाली.

त्यांनी आजची तारीख घातली. ती बघून तिनं कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला, डब्याच्या खाली, तेल लागणार नाही अशा बेतानं. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. ती उठली, फडकं डोक्याला गुंडाळलं, आणि एसटी पावणेतीनला असते, मिस्त्री मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडील, असं सांगून निघाली. दारातून वळून एवढंच म्हणाली, "सर, भाकर खाऊन जा. तशीच ठेवू नका."

सर खुर्चीत बसून राहिले. बाहेर मोटर सुरू झाली. पहिल्यांदा पट्टा रिकामाच फिरत होता, आवाज हलका, पातळ, कुणी शीळ घालावी तसा. मग जाळी हलायला लागली, पन्हळीवरून रेती सळसळत उतरली, आणि पट्ट्याचा आवाज जरासा जड झाला आणि तसाच जड राहिला. वेग कमी झाला नाही. सर ऐकत होते. हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी तोंडात घातला आणि सावकाश, पूर्ण, चावून खाल्ला.